आतल्या चाकाची हवा

माझा दीर ठार बहिरा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक त्याच्याबद्दल बोलायला लागले की हे वाक्य शेवटी, आवाज खाली आणून सांगतात. जसं काही त्यानं कुणाच्या घरात चोरी केलीय! आणि आवाज खाली कशाला आणायचा? त्याला थोडंच ऐकू जाणार आहे?

नवव्या वर्षी त्याला ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. सासूबाईंनी बजावलं होतं, दिराला भाऊजी म्हणायचं. आता गुडघे फुटलेल्या, नाक पुसायचा कंटाळा असलेल्या पोराला कसलं आलंय भाऊजी! मी त्याला धाकट्या म्हणायला लागले, ते आजपर्यंत. माझ्या तोंडाकडे बघून बघून तो ओठ वाचायला शिकला. आमचे हे म्हणतात, तुझं तोंड दिवसभर चालू असतं म्हणून त्याचा सराव चांगला झाला. म्हणू देत. शिकला ना?

बोलतो तो अगदी स्वच्छ, फक्त आवाजाचा अंदाज नाही. मला कानात सांगायची गोष्ट सांगतो ती शेजारच्या दोन बिऱ्हाडांना पाठ होते. एकदा पाहुण्या बाईंसमोर, "वहिनी, ह्या कधी जाणार?" असं त्याच्या मते अगदी हळू विचारलं होतं. त्या लगेच गेल्या.

मी ट्रकच्या डेपोत स्टोअर सांभाळते. नट, फिल्टर, पट्टे, ग्रीसचे डबे, जे लागेल ते खिडकीतून द्यायचं आणि कुणी उगाच जास्त मागितलं तर झापायचं. माझी खिडकी बरोबर चाकांच्या शेडसमोर उघडते. त्या शेडमध्ये धाकट्या एकोणीस वर्षं काम करतोय. म्हणजे घरी मी त्याच्यावर नजर ठेवते आणि कामावरही. बिचारा!

ते काम काय असतं, हे माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या डेपोतल्या जुन्या ट्रकांची डिस्क, म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक, एकसंध नसते. मधली डिस्क वेगळी, तिच्यावर टायर चढवून बाजूला बसवायचं जाड कडं वेगळं, आणि ते कडं निसटू नये म्हणून डिस्कच्या खाचेत बसवायची लॉक रिंग वेगळी. ही लॉक रिंग एका जागी चिरलेली असते, म्हणून ती टॉमीनं, म्हणजे चपट्या टोकाच्या पहारीनं, उकलून काढता येते आणि घालता येते. दिसायला किरकोळ. पण टायरमध्ये शंभर पौंड हवा भरली की ती सगळी हवा त्या कड्याला बाहेर ढकलत असते, आणि तिला अडवून धरते ती ही एवढीशी रिंग. रिंग खाचेत नीट बसलेली नसेल, गंजलेली असेल, दुसऱ्याच डिस्कची असेल, तर ती सुटते. सुटते म्हणजे पडत नाही, उडते. एका गॅरेजमधली उडालेली रिंग मी पाहिली आहे. पत्र्याचं छप्पर फाडून ती बाहेर गेली होती. जो माणूस वाकून हवा भरत होता त्याच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

धाकट्याच्या शेडमध्ये एकोणीस वर्षांत कुणाचं नखही तुटलं नव्हतं. त्याची कामाची पद्धत बघणाऱ्याला वीट आणेल अशी. चाक उघडलं की डिस्क, कडं आणि रिंग तिन्हींवर रंगानं एकच आकडा टाकायचा, म्हणजे एकाची रिंग दुसऱ्याला जायला नको. खाच तारेच्या ब्रशनं घासून लखलखीत करायची. मग चाक जाड लोखंडी पिंजऱ्यात ढकलायचं, लांब नळीला चिमटा लावून हवा लांबून भरायची आणि स्वतः बाजूला उभं राहायचं, समोर कधीच नाही. आधी थोडीशीच हवा. मग कॉक बंद करून रिंग सगळीकडून सारखी बसली का ते बघायचं. कुठे केसभर उचललेली दिसली तर सगळी हवा सोडून पहिल्यापासून सुरुवात. हवा असलेल्या रिंगला हातोडी म्हणून लावायची नाही.

आणि चाक ट्रकवरून उतरवायचं असेल तर आधी तार. वॉल्व्हमधली पिन काढली, हवा फुसफुसून गेली, तरी हा त्या वॉल्व्हमध्ये तार घालून बघणार. थुंकी लावलेलं बोट वॉल्व्हपाशी धरणार. मग परत तार. क्लच केबलची एक जुनी तार सरळ करून, टोक बोथट करून ती तो कायम कानामागे खोचून ठेवायचा. "कानाचा काहीतरी उपयोग व्हायला हवा ना, वहिनी," म्हणायचा. डेपोत त्याचं नावच तारवाला पडलं. मी त्या तारेला दात कोरायची काडी म्हणायचे. आता नाही म्हणत.

यंदा आमच्याकडे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मला नंतर कबूल करावं लागलं. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पहिल्याच आठवड्यात ते शेडमध्ये आले आणि धाकट्याच्या पाठीमागे उभे राहून त्यांनी तीनदा हाक मारली. तो कसला वळतोय! तो आपला खाच घासत बसलेला. साहेब तडक माझ्या खिडकीशी आले.

"हा माणूस बहिरा आहे?"

"हो. आणि माझा दीर आहे."

"हवेच्या कामावर बहिरा माणूस? उद्या रिंग उडाली आणि मी मागून ओरडलो, तर त्याला कळणार कसं?"

"साहेब," मी म्हटलं, "रिंग उडाली तर तुमचं ओरडणं पोचायच्या आधी रिंगच पोचते. म्हणून तर तो तिच्यासमोर उभाच राहत नाही."

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. खरं उत्तर लोकांना क्वचितच आवडतं. दुसऱ्या दिवशी कागद निघाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून धाकट्यानं गाड्या धुण्याच्या रॅम्पवर जायचं, सुरक्षिततेच्या कारणास्तव, आणि चाकांच्या शेडमध्ये नवा माणूस येणार. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन इतकी भांडले की बाहेर टायपिंग करणारी बाई थांबून ऐकत होती. उपयोग शून्य. "त्याच्याच भल्यासाठी आहे, बाई," साहेब म्हणाले. कुणी आपल्या भल्याची गोष्ट काढली की मला धडकी भरते.

त्या दिवशी धाकट्या जेवला नाही. ताटावर बसला, पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"गाड्या धुवायची मला लाज नाही, वहिनी," तो म्हणाला. सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असणार. "पण माझे हात चालतात. डोळे चालतात. एकोणीस वर्षं मी एकालाही लागू दिलं नाही. आणि हे मला कानावरून काढतायत."

आमचे हे लांबच्या फेरीवर होते. मी एकटीच त्याच्यासमोर. मला रडू आलं आणि रागही आला, आणि मी त्याला पोळी खा म्हणून दरडावलं. दुसरं काय करणार होते?

एक तारखेच्या आठ दिवस आधी नवा माणूस आला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. पन्नाशीचा, रुंद छातीचा, हसरा. हमरस्त्यावर पंचवीस वर्षं टायरचं काम केलेला. आणि त्याचा कान! त्याच्या कानाची कीर्ती त्याच्या आधी डेपोत पोचली होती. हवा भरता भरता रिंगवर हातोडीनं टकटक करायचा आणि आवाजावरून सांगायचा, बसली, नाही बसली. चाक उतरवायच्या आधी तर नाटकच असायचं. पिन काढायची, एक हात वर करायचा आणि गरजायचं, "चूप!" आख्खं आवार थांबायचं. कंप्रेसर बंद, इंजिनं बंद, चहावाला किटली धरून तसाच उभा. उस्ताद वॉल्व्हला कान लावणार, डोळे मिटणार, आणि मग, "रिकामं!" की सगळे पुन्हा कामाला. दोन दिवसांत ड्रायव्हर मंडळी त्याच्यावर फिदा झाली. साहेबही जिन्यात उभे राहून बघायचे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते बघायला मजा यायची. धाकट्याच्या तारेत कसली मजा?

पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. उस्ताद पिंजऱ्याच्या गजांतून हात घालून भरत्या चाकाच्या रिंगला हातोडी मारत होता. धाकट्यानं आधी कॉक बंद केला, मग त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि माझ्या खिडकीत आणून आपटली.

"ही जमा करा. हवा असताना मागितली तर देऊ नका."

उस्तादचा चेहरा पडला. एवढ्या लोकांत! "मी हे काम करत होतो तेव्हा हा दुधाच्या दातांचा होता," तो मला म्हणाला. मी खांदे उडवले. पण हातोडी दिली नाही.

मग आला महिन्याचा शेवटचा दिवस. धाकट्याचा शेडमधला शेवटचा दिवस. सकाळपासून तो आपली टॉमी, ब्रश, रंगाचा डबा पुसून पुसून ठेवत होता, उस्तादच्या हाती नीट द्यायला म्हणून. मी खिडकीतून बघत होते आणि जो येईल त्याच्यावर खेकसत होते.

जेवणाच्या सुट्टीआधी एक रिकामा ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर झुबकेदार मिशीचा, एरवी मोठा बडबड्या. मागचं डावं चाक डुलतंय, म्हणाला. मागे जोडचाकं असतात, एक बाहेरचं, एक आतलं. दोन्ही उतरवून बघावं लागणार होतं. धाकट्या पिंजऱ्याच्या पलीकडे दुसरं चाक उघडून बसला होता, म्हणून हे काम उस्तादनं घेतलं. एक्सल जॅकवर उचलला, पुढच्या चाकांना ठोकळे लावले. बाहेरच्या चाकाची पिन काढली, आणि वेळ वाचवायला लगेच डिस्कच्या भोकातून हात घालून आतल्याचीही काढली. हवेचा असा आवाज सुटला की बोलणं ऐकू येईना. कमी होत होत तो थांबला.

उस्तादचा हात वर गेला. "चूप!"

सगळं आवार गप्प. मी हातातली पावती फाडायची थांबले. साहेब जिन्यात होते. उस्ताद वाकला, आधी बाहेरच्या वॉल्व्हला कान, मग भोकापाशी कान. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि खरंच कसलाही आवाज नव्हता. हे मी शपथेवर सांगेन. मीही ऐकत होते.

"रिकामं!"

त्यानं लांब पाना नटावर चढवला, पाईप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. पहिला नट करकरला, अर्धा फेरा फिरला.

तेवढ्यात धाकट्यानं मान वर केली. त्यानं पाना पाहिला, मग चाकाकडे पाहिलं, आणि धावत येऊन बाजूनंच पाईप धरला. उस्तादला त्यानं दंड पकडून चाकासमोरून असं ओढलं की उस्तादची चप्पल तिथेच राहिली.

"तार घातली?"

"अरे, ऐकलं मी!" उस्ताद भडकला. "आख्ख्या डेपोनं ऐकलं!"

"ऐकलंस. तार घातलीस का?"

"बहिऱ्या माणसानं मला शिकवायचं?" असं उस्ताद म्हणाला. धाकट्यानं ते ओठांवर वाचलं. चेहऱ्यावरून कळलं मला. पण त्यानं पाईप सोडला नाही.

साहेब खाली आले. "आज शेवटच्या दिवशी तमाशा नकोय. बाजूला हो आणि त्याला काम करू दे."

आता एक लाजेची गोष्ट सांगते. मलाही क्षणभर वाटलं, की धाकट्या जळतोय. आपली जागा जातेय म्हणून दुसऱ्याच्या कामात खोडा घालतोय. बारा वर्षांचा असल्यापासून ज्याला ओळखते त्याच्याबद्दल मला असं वाटलं. मी खिडकीतून बाहेर येऊन त्याला म्हणालेसुद्धा, "सोड रे, धाकट्या. जाऊ दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "वहिनी, तुम्ही सगळे मागे व्हा," एवढंच म्हणाला. "साहेब, तुम्हीपण. चाकासमोर कुणी नको. मला पाच मिनिटं द्या, मग आत्ताच रॅम्पवर जातो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं."

आम्ही मागे सरलो. धाकट्या ट्रकच्या मागच्या दिव्याशी उभा राहिला, चाकाच्या बाजूला, अंग टायरच्या आड आणि फक्त हात पुढे. कानामागची तार काढली. बाहेरच्या चाकात घातली, ती सरळ आत गेली, वीतभर. बोट ओलं करून धरलं, काही नाही. बाहेरचं रिकामं होतं. मग भोकातून आतल्या चाकाच्या वॉल्व्हमध्ये तार घातली. चार बोटं गेली आणि अडकली. त्यानं ती बाहेर काढली, अंगठ्यानं मापली, पुन्हा घातली. पुन्हा चार बोटं. या वेळी त्यानं ती दाबली.

फस्स्!

तारेवरचं बोट उचललं, आवाज बंद. दाबलं, फस्स्! सोडलं, बंद. भोकातून धुळीचा लोट उडत होता. आणि हा आवाज ऐकू न येणारा तिथे तो एकटाच होता. तो आमच्या तोंडांकडे बघत होता, आम्हाला ऐकू येतंय का ते. आमची तोंडं बघून त्याला कळलं.

उस्तादचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला.

झालं होतं असं. आतल्या चाकाच्या वॉल्व्हला हात पोचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी त्याच्यावर एक जोडनळी चढवली होती. त्या नळीच्या तोंडाशी तिची स्वतःची पिन. उस्तादनं काढली ती नळीची. खरी पिन नळीच्या तळाशी, वॉल्व्हमध्ये तशीच घट्ट बसलेली. नळीतली चिमूटभर हवा गेली, तिचा आवाज बाहेरच्या चाकाच्या गोंगाटात बुडाला, आणि मग आतलं चाक शंभर पौंड हवा पोटात घेऊन गप्प राहिलं. ते ऐकू येणार कसं? माझ्याच कानांना ते रिकामं वाटलं होतं. नट काढले असते तर त्या चाकाला दाबून धरणारं काही उरलं नसतं, आणि समोर उस्ताद वाकलेला.

धाकट्यानं घाई केली नाही. बाजूनंच हात घालून जोडनळी आटे फिरवून काढली, खाली ठेवली. मग किल्ली लावून खरी पिन काढली. हवा सुटली, ती सहा मिनिटं जात होती. साहेबांनी दिलेली पाच मिनिटं कधीच संपली होती. साहेब घड्याळाकडे बघतही नव्हते. हवा थांबल्यावर त्यानं तार घातली, वीतभर गेली. बोट धरलं. परत तार. मग वळून उस्तादला म्हणाला, "आता ये. आता आपण नट काढू." आपण म्हणाला. मला त्या शब्दाचं भारी वाटलं.

दोघांनी मिळून चाकं उतरवली. आतलं चाक आडवं केलं आणि पहिल्यांदाच ती रिंग सगळ्यांना दिसली. डिस्कवर धाकट्याचा आकडा होता, एक्केचाळीस. कड्यावर एक्केचाळीस. रिंगवर काहीच नाही. ती आमची नव्हतीच. दिसायला तश्शीच, पण खाचेत अर्धीच बसलेली, आणि एका बाजूला हातभर लांबीत खाचेतून उचलून बाहेर आलेली. चाक डुलत होतं ते त्यामुळे. धाकट्यानं टॉमीचं टोक नुसतं टेकवलं आणि ती उडी मारून सुटली, हवा नसताना.

मिशीवाला ड्रायव्हर घाम पुसत होता. "वाटेत पंक्चर झालं होतं," तो म्हणाला. "जुनी रिंग वाकली, तर रस्त्याकडेच्या टायरवाल्यांनी सारखीच दुसरी टाकली. नळीपण त्यांनीच लावली, पुढच्या वेळी सोपं जाईल म्हणून. मला काय माहीत, हो!" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्या रिंगवर बसून तो चारशे किलोमीटर आला होता. हे लक्षात आल्यावर त्याला पाणी द्यावं लागलं.

साहेब धाकट्याच्या समोर येऊन उभे राहिले. मागे नाही, समोर, त्याला ओठ दिसतील असे. एवढं तरी शिकले होते.

"तुला कसं कळलं, आत हवा आहे म्हणून?"

"मला नाही कळलं, साहेब," धाकट्या म्हणाला. "मला कधीच कळत नाही. म्हणून तर तार घालतो."

उस्ताद पुढे आला, एका पायात चप्पल नसलेला, आणि त्यानं सगळ्यांसमोर धाकट्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"पंचवीस वर्षं मी कान लावतोय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं, लेका! नुसतं नशीब होतं रे माझं. आज तू नसतास तर घरी काय गेलं असतं माझं?" आणि तो रडला. एवढा रुंद माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. मीही रडत होते, पण मी कुणाला दिसू दिलं नाही.

साहेबांनी तिथेच, माझ्या खिडकीच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. आधीचा हुकूम रद्द. चाकांच्या शेडचा प्रमुख माझा दीर. त्याच्या होकाराशिवाय कुणीही नटाला पाना लावायचा नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. खाली सही केली आणि कागद धाकट्याला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला. मग पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली. जोडचाकातलं एक उतरवायचं असलं तरी दोन्हींची हवा सोडायची, आणि दोन्हींत तार घालायची. जोडनळी असेल तर आधी नळी काढायची. बिनआकड्याची रिंग चाकावर चढवायची नाही. साहेबांच्या सहीखाली लिहितोय, याची त्याला जराही भीड वाटली नाही. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. अजून काही?"

"उस्ताद इथेच राहू दे," धाकट्या म्हणाला. "हात चांगला आहे त्याचा. फक्त कान कमी वापरायला शिकवतो."

आवारात जो हशा उठला! उस्ताद सगळ्यांत जोरात हसला, डोळे पुसत.

राहता राहिली ती रिंग. ती कुठे भंगारात टाकली तर उद्या कुणीतरी उचलून परत चाकावर चढवणार. धाकट्यानं ती आवाराच्या मधोमध नेऊन ठेवली आणि गॅसच्या बत्तीनं कापायची तयारी केली. तोपर्यंत बातमी सगळीकडे पसरली होती. फेरीला निघालेले ट्रक फाटकाशी थांबून राहिले होते, ड्रायव्हर खाली उतरून बघत होते. त्यानं बत्ती उस्तादच्या हातात दिली. उस्तादनं रिंगचे चार तुकडे केले. चौथा तुकडा खाली पडला आणि मिशीवाल्यानं आपल्या ट्रकमध्ये चढून हॉर्न दाबला. त्याचं बघून शेजारच्यानं. मग फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी. चौदा-पंधरा ट्रकांचे हॉर्न एकदम! माझ्या स्टोअरमधल्या फळ्यांवरचे डबे थडथडत होते. लोक कानांवर हात ठेवून हसत होते.

आणि ज्याच्यासाठी वाजत होतं तो वाकून तुकडे गोळा करत होता, पाठमोरा. त्याला काही पत्ताच नव्हता.

मी धावत गेले. त्याला खांद्याला धरून वळवलं. माझे डोळे वाहताना बघून तो घाबरला.

"काय झालं, वहिनी?"

"हॉर्न वाजवतायत!" मी ओरडले. "सगळे! तुझ्यासाठी!"

त्यानं ट्रकांकडे पाहिलं. काचांआडून हात हलवणारे ड्रायव्हर पाहिले. मग तो सगळ्यांत जवळच्या ट्रकपाशी गेला आणि बंपरवर दोन्ही तळवे सपाट टेकले. डोळे मिटून उभा राहिला. त्याचं तोंड हळूहळू फुललं, अगदी कानापासून कानापर्यंत. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, त्याच्या मते अगदी हळू, आणि पंधरा हॉर्नच्या वरून आख्ख्या आवाराला ऐकू गेलं, "पुरे म्हणावं त्यांना! बॅटऱ्या उतरतील!"

मी कुणालाही काही सांगितलं नाही. वाजू दिले.